ताजा म्हणजे किती दिवसांचा?

एप्रिलच्या शेवटी लातूरला भाच्याच्या खानावळीत पालकांची बैठक होती. गावोगावची मुलं बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या अभ्यासाला इथे येऊन राहतात, दोन्ही वेळचं जेवण मेसमध्ये घेतात. पालकांच्या जिवाला घोर असतो तो मुलांच्या जेवणाचाच. त्या दिवशी कुणीतरी स्वयंपाकघरात डोकावून आलं होतं आणि फ्रीजरमध्ये गोठवलेल्या मटाराच्या पिशव्या दिसल्या होत्या. मग काय, तासभर त्यावरच वाद. एक बाजू म्हणत होती, ‘आम्ही ताज्या भाजीचे पैसे देतो, हे मेलेलं अन्न मुलांना कशाला घालता?’ मेसवाले म्हणत होते, ‘अहो, आता मोठमोठ्या हॉटेलांत हेच वापरतात, सोलायला माणूस मिळत नाही.’ दोघांचंही बोलणं मला मनापासून खटकलं. एकाने ‘ताजं’ हा शब्द देवासारखा धरला होता, दुसऱ्याने सोयीलाच पुरावा मानलं होतं. त्या भाजीत मुलांच्या पोटात जाणारं नेमकं काय उरलं आहे, हे तासाभरात एकानेही विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत मिळणारा शेंगेतला वाटाणा जीवनसत्त्वांच्या हिशेबात नीट गोठवलेल्या वाटाण्यापेक्षा सरस नसतो, बहुधा उणाच असतो. हिवाळ्यात मात्र हाच निकाल उलटा लागतो. म्हणून ‘फ्रोजन की ताजं’ हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. विचारायचं ते हे की तोडल्यापासून किती दिवस झाले, आणि ते दिवस किती तापमानात गेले.

मी अन्नतंत्र शिकले आणि शिक्षणानंतर दोन हंगाम उत्तरेत वाटाणा गोठवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या टेबलावर काढले. त्यामुळे वाटाण्याबद्दल थोडं अधिकाराने बोलते. भाजी तोडली म्हणजे ती मेली असं होत नाही. ती श्वास घेत राहते, साठवलेली साखर जाळत राहते आणि त्या जळण्यातून उष्णता बाहेर टाकते. वाटाणा तर या बाबतीत फार उतावळा, भाज्यांमध्ये सर्वांत जोरात श्वास घेणाऱ्यांपैकी एक. मंडईत उतरलेल्या मटाराच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालून पाहा. बाहेरचा थर हवेइतकाच असतो, पण मधल्या शेंगा हाताला चक्क कोमट लागतात. ती ऊब उन्हाची नाही, वाटाण्याची स्वतःची आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा श्वास साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. गोणी जेवढी तापते तेवढा वाटाणा जास्त जळतो, आणि जेवढा जळतो तेवढी गोणी आणखी तापते. त्याच वेळी दाण्यातल्या साखरेचा स्टार्च होत असतो. म्हणून उन्हाळ्यातला मटार पिठाळ लागतो, साल जाड होते, कधी दाण्याला पांढरा कोंबही डोकावतो. आणि ‘क’ जीवनसत्त्व, जे हवा, उष्णता आणि दाण्यातलीच विकरं या तिघांपुढेही टिकत नाही, ते गुपचूप कमी होत जातं. त्याच्या जाण्याला ना वास, ना रंग.

आता मे महिन्यातला वाटाणा आपल्याकडे कुठून येतो ते पाहा. आपल्याकडचा हंगाम थंडीचा. जबलपूरकडचा मटारही हिवाळ्यातच येतो. उन्हाळ्यात शेंग पिकते ती हिमाचलच्या डोंगरात. तिथून दिल्लीची मंडई, दिल्लीतून इंदूरच्या वाटेने छत्रपती संभाजीनगर, पुढे लातूर किंवा नांदेड, म्हणजे दीड हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास. एक दिवस तोडणी आणि भरणीचा, एक दिल्लीच्या लिलावाचा, दोन ट्रकमध्ये, एक इथल्या आडतीवर आणि हातगाडीवर. असे पाच दिवस अगदी सहज जातात. वाटेत ताडपत्री असते, शीतगाडी क्वचित. इथे उतरल्यावर पारा बेचाळीसवर. हातगाडीवाला ओलं गोणपाट टाकतो, तासातासाला पाणी मारतो, त्यामुळे शेंग हिरवीगार दिसते. पाण्याने टवटवी येते हे खरं, पण गेलेलं जीवनसत्त्व पाण्याने परत येत नाही.

पलीकडची बाजू कच्ची नाही, आणि तिचा सर्वांत जोरदार मुद्दा त्या बैठकीत कुणी मांडलाच नाही, म्हणून मीच मांडते. अमेरिकेच्या कृषी खात्याचे पोषणतक्ते जगभर वापरले जातात. त्यात शंभर ग्रॅम कच्च्या ताज्या वाटाण्यात ‘क’ जीवनसत्त्व 40 मिलिग्रॅम दिलं आहे आणि गोठवलेल्या वाटाण्यात फक्त 18. निम्म्याहूनही कमी! ही घट खरी आहे. गोठवण्याआधी वाटाणा मिनिट-दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढावाच लागतो, कारण विकरं मारली नाहीत तर उणे 18 अंशांतही ती हळूहळू रंग आणि चव बिघडवत राहतात. त्या पाण्यात ‘क’ जीवनसत्त्व विरघळतं, ‘ब’ गटातली थायमिन आणि फोलेटही काही प्रमाणात जातात. आमच्या टेबलावर दर थोड्या वेळाने याचीच परीक्षा असायची. वाफवलेले दाणे खलात चिरडायचे, त्यावर ग्वायकॉल नावाच्या द्रावणाचे आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकायचे आणि घड्याळाकडे पाहत बसायचं. लगदा तांबूस-तपकिरी झाला तर विकरं अजून जिवंत आहेत, वाफ कमी पडली. हिरवाच राहिला तर ठीक. पण वाफ जास्त झाली तरी तेवढंच नुकसान, कारण मग विकरांबरोबर जीवनसत्त्वही जास्त गेलेलं असतं. गोठवण्यात काहीच जात नाही असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

मग माझं मत टिकतं कसं? त्याच तक्त्याची पुढची ओळ वाचा. आपण वाटाणा कच्चा खातो का? उसळीत, पुलावात, बटाट्याच्या रश्शात तो शिजतो. ताजा वाटाणा उकडून निथळल्यावर त्यात 14 मिलिग्रॅम उरतं, गोठवलेला उकडल्यावर 10. गोठवलेला आधीच अर्धा शिजलेला असतो, त्याचा तोटा आधीच होऊन गेलेला असतो. ताज्याचा तोटा आपल्या पातेल्यात होतो. कच्चेपणी बावीसचं असलेलं अंतर ताटात चारवर येतं. आणि हे 14 हे उत्तम ताज्या वाटाण्याचं, हिमाचलातून पाच दिवस हिंडून आलेल्याचं नव्हे.

म्हणजे प्रवासात तीस टक्क्यांच्या आसपास घट झाली की ताज्याची आघाडी संपली. एवढी घट होते का? इथेही प्रामाणिक राहायचं तर आधी विरुद्ध बाजूचं सांगायला हवं. शेंगेतला वाटाणा थंडीत चांगला टिकतो. 4 अंशांवर सात दिवस ठेवला तर ‘क’ जीवनसत्त्वातली घट 15 टक्क्यांच्या आसपास मोजली गेली आहे. शेंग ही त्याची नैसर्गिक पेटी आहे. म्हणून डिसेंबरात थंड रात्री प्रवास करून आलेला जबलपूरचा मटार गोठवलेल्याला हरवतो, हे मी आनंदाने मान्य करते, आणि डिसेंबरात माझ्याही घरी शेंगाच सोलल्या जातात. पण 4 अंश कुठे आणि मे महिन्यातली ताडपत्रीखालची गोणी कुठे! 4 वरून 34 अंशांवर जाणं म्हणजे दहाच्या तीन पायऱ्या चढणं, आणि दर पायरीला श्वास दुप्पट ते तिप्पट. जीवनसत्त्वाची घट नेमकी त्याच पटीत होते असं मी म्हणत नाही. पण शीतगृहात आठवड्याला पंधरा टक्के जातात, तर भट्टीसारख्या गोणीत पाच दिवसांत तीस जाणार नाहीत, असं कोण म्हणेल? शिवाय सोललेल्या दाण्यांच्या ज्या पारदर्शक पिशव्या मंडईत मिळतात, त्यांना तर शेंगेचंही संरक्षण नसतं. त्यांना ताजं म्हणणं मला कधीच पटलं नाही. काही ठिकाणी वाळलेले वाटाणे भिजवून, हिरवा रंग लावून तेच ताजे म्हणून खपवतात. संशय आला तर मूठभर दाणे पेलाभर पाण्यात अर्धा तास ठेवावेत. पाणी हिरवट झालं तर ते दाणे रंगवलेले आहेत.

वाटाण्याचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं, कारण ते ताज्याच्या बाजूचं बळकट उदाहरण आहे. पालेभाजीला तर शेंगही नाही. पालकातलं ‘क’ जीवनसत्त्व 4 अंशांच्या थंडीतही आठवड्यात तीन-चतुर्थांश गेल्याचं आढळलं आहे, आणि 20 अंशांवर त्याच आठवड्यात जवळपास सगळं. आपल्याकडे मे महिन्यात 20 अंश मध्यरात्रीही नसतात.

आक्षेप असाही घेतला जातो की हे सगळे अभ्यास फ्रोजनवाल्या कंपन्यांच्या पैशाने झालेले असतात. हा आक्षेप हसण्यावारी न्यावा असा नाही. या विषयावरच्या अनेक अभ्यासांना त्या उद्योगाचा पैसा मिळालेला आहे, आणि असा अभ्यास वाचताना डोळे उघडे ठेवायलाच हवेत. पण मी वर केलेला हिशेब पाहा. त्यात मी आधार घेतलाय तो सरकारी तक्त्याचा, आणि तोही गोठवलेल्याच्या विरोधात जाणारा. दुसरं असं की हे अभ्यास बहुतेक थंड देशांतले आहेत. तिथे ‘साठवलेली ताजी भाजी’ म्हणजे घरच्या फ्रिजमध्ये चार-पाच दिवस ठेवलेली. म्हणजे तुलना झाली तीच मुळी ताज्याला झुकतं माप देऊन. आपल्या मंडईच्या उन्हात तीच भाजी मोजली असती, तर आकडे ताज्याच्या बाजूने थोडेच सरकले असते?

‘मेलेलं अन्न’ या शब्दाशीही मला दोन हात करायचे आहेत. आमच्या आजीच्या घरात उन्हाळाभर छतावर वाळवण असायचं. गवारीच्या, वांग्याच्या उसऱ्या, कारल्याच्या काचऱ्या, हरभऱ्याचा पाला, मेथी. सगळं कडक उन्हात वाळवून मडक्यात भरायचं आणि पावसाळ्यात, हातात काही नसताना, शेंगदाण्याचा कूट घालून त्याची भाजी करायची. दुष्काळाच्या वर्षांत या मडक्यांनी घरं तारली. आता विचार करा, उघड्या उन्हात दिवसेंदिवस पडलेल्या पाल्यात ‘क’ जीवनसत्त्व किती राहत असेल? जवळपास नाहीच. उष्णता, हवा आणि प्रकाश, तिन्ही शत्रू एकाच छतावर. तरीही त्या भाजीला कुणी मेलेलं अन्न म्हटलं नाही, आणि म्हणूही नये, कारण तंतू, लोह, प्रथिनं, चुना हे उन्हाने जात नाहीत. मग ज्या पद्धतीत याहून कितीतरी जास्त टिकतं, तिलाच मेलेली ठरवायचं? साठवण ही आपल्या कोरडवाहू मुलखाची जुनी विद्या आहे. गोठवणं हा त्याच विद्येचा पुढचा भाग आहे, त्याला वीज लागते एवढाच फरक.

नावाला भुलण्याचा इतिहास फार जुना आहे. 1747 साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या वैद्याने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबू खाणारी जोडी सर्वांत लवकर उठली. पण लांबच्या सफरीत लिंबं टिकणार कशी? म्हणून त्यानेच पुढे लिंबाचा रस तापवून, आटवून पाक करून ठेवायची पद्धत सुचवली. तो पाक लिंबाचाच होता, वास लिंबाचा, आंबटपणा लिंबाचा. पण ज्याने खलाशी बरे झाले होते ते बरंचसं त्या आटवण्यातच नष्ट होत होतं. ‘क’ जीवनसत्त्व म्हणजे काय हे कळायला अजून पावणेदोनशे वर्षं होती, त्यामुळे लिंडला दोष देता येत नाही. आपल्याला मात्र ती सबब नाही. भाजीचं नाव ताजं आहे, रंग ताजा आहे, म्हणून आतला ऐवजही ताजाच असेल हे धरून चालणं म्हणजे त्या पाकाच्या बाटलीवर विश्वास ठेवण्यासारखंच आहे.

पण एक मुद्दा असा आहे की ज्यापुढे माझं मतही अडखळतं, आणि तो मराठवाड्याचाच आहे: वीज. कारखान्यात वाटाण्यावर खालून उणे तीस-चाळीस अंशांच्या हवेचा झोत सोडतात, दाणे त्या झोतावर तरंगत काही मिनिटांत सुटे-सुटे गोठतात, आणि पुढे उणे 18 वर राहिले तर महिनोन्महिने ठीक असतात. वर्षभराने तिथेही घट दिसतेच, पण ती संथ असते. सगळी मदार त्या उणे 18 वर आहे. आता आपल्या तालुक्याच्या दुकानातला फ्रीजर आठवा. वीज जाते, कधी सहा-सहा तास. काही दुकानदार बिल वाचवायला रात्री फ्रीजर बंद करतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या वाटाण्याचा पोत गेलेला असतो, जीवनसत्त्वं झपाट्याने घटलेली असतात, आणि वितळलेल्या अवस्थेत बराच वेळ गेला असेल तर जंतूंचीही वाढ झालेली असते, कारण थंडीने जंतू मरत नाहीत, फक्त झोपतात. अशा पिशवीपुढे पाच दिवसांचा शेंगेतला मटार केव्हाही बरा. म्हणून ‘फ्रोजन चांगलं’ असं सरसकट विधान मी कधीच करणार नाही.

बरं, ही तुटलेली साखळी ओळखता येते. पिशवी हातात घेऊन हलवा. दाणे खड्यांसारखे खुळखुळले तर माल सुटा आहे. एकच ढेकूळ लागली, किंवा आतून बर्फाचे मोठे खडे चिकटलेले दिसले, तर तो कधीतरी वितळला होता. पिशवीच्या मागे घटकांची यादी वाचा, तिथे फक्त हिरवा वाटाणा असायला हवा. गोठवलेल्या साध्या भाजीला टिकवणारी रसायनं घालावी लागत नाहीत, थंडीच ते काम करते. तळायला तयार असलेले कटलेट आणि नगेट ही वेगळी जात आहे, त्यांच्यातलं मीठ आणि तेल भाजीच्या माथी मारू नका. घरच्या एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा उणे 18 गाठत नाही, त्यामुळे तिथे पिशवी आठवडा-दोन आठवड्यांत संपवावी. आणि शिजवताना वितळवत बसू नये, थेट कढईत टाकावा, पाणी थोडंच घालावं आणि ते फेकू नये.

या सगळ्याच्या वर एक गोष्ट, जी त्या पालकांना मी तळमळून सांगितली. आपण भांडतोय ते चार मिलिग्रॅमसाठी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 मध्ये प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व सुचवलं आहे. वाटाण्याची वाटी, कुठलीही असो, त्यातला लहानसा वाटा देते. मोसमातल्या शंभर ग्रॅम पेरूत दोनशेच्या वर असतं. वाटाणा खायचा तो प्रथिनांसाठी, तंतूंसाठी, आणि ते दोन्ही ना गोठवून जातात ना गोणीत. मुलांच्या ताटात रोज लिंबाची फोड, कच्चा कांदा, कैरीचं काही, आणि संध्याकाळी शेजारच्या गावातून सकाळीच तोडून आलेली पालेभाजी असेल, तर मटार कुठला हा प्रश्न बाजूला पडतो. आठवडी बाजारात ज्या बाईने पहाटे तोडून स्वतःच्या टोपलीत आणलेली गवार किंवा चुका असतो, त्याच्याशी कुठल्याही कारखान्याने स्पर्धा करू नये. माझा वाद तिच्या टोपलीशी नाहीच. माझा वाद हिमाचलातून पाच दिवस उन्हात आलेल्या शेंगेला तिच्या टोपलीचं नाव देण्याशी आहे.

बैठक संपताना मेसवाल्यांना मी एवढंच सांगितलं: एका वाटीत पाणी गोठवा, वर रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्ये मटाराशेजारी राहू द्या. नाणं वरच असेल तर बिनघोर वापरा. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर तुमच्या नकळत सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे. पालकांतल्या दोघांनी दर सोमवारी येऊन वाटी पाहायचं कबूल केलं. जूनच्या पहिल्या वादळात खांब पडले आणि त्या भागात रात्रभर वीज नव्हती. सोमवारी नाणं तळाशी होतं, वर स्वच्छ बर्फ. मेसवाल्यांचा जीव तुटला, पण त्यांनी आठ किलो मटार टाकून दिला आणि सायकलवरून बाजारात गेले. त्या आठवड्यात मुलांनी गवारीची भाजी खाल्ली.